पेरणी ते लावणी: आंब्याच्या हंगामानंतर पुन्हा वाचायला कसं लागावं

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला आंबेवाल्याचं वर्ष मेअखेरीस संपतं. दिवाळीच्या सुमाराला फवारण्या सुरू होतात, मग मोहोर राखायचा, मार्चपासून काढणी, वर्गवारी, पेट्या भरणं, रात्री गाडी वाशीच्या बाजाराला रवाना करणं आणि दुसऱ्या दिवशी दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी यायची वाट बघणं. शेवटचा आंबा कॅनिंगला गेला की पाऊस येतो आणि एकाएकी हाताला काम राहत नाही. याच दिवसांसाठी आपण पुस्तकं बाजूला ठेवलेली असतात. आणि नेमकं तेव्हाच वाचता येत नाही.

गावच्या वाचनालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. दर जूनमध्ये तीच माणसं तीच तक्रार घेऊन येतात. यंदा तर ती आमच्या घरातलीच होती. माझे धाकटे दीर कॉलेजात असताना रात्र रात्र वाचायचे. हंगाम संपल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' नेलं आणि बारा दिवसांनी परत आणलं. पुस्तकातली खूण चाळिसाव्या पानाच्या आसपास होती.

"वहिनी, पूर्वी असं होत नसे. पान संपतं आणि काय वाचलं तेच आठवत नाही. वाचन सुटलं माझं."

"भावोजी, वाचन सुटलेलं नाही," मी म्हटलं. "पुस्तक चुकलं. चांगलं पुस्तक आहे, पण आत्ताचं नाही."

अशा माणसाने पुस्तक कसं निवडावं आणि कोणत्या क्रमाने वाचावं, ते इथे सांगते. आमची मुदत ठरलेली असते. भाताची पेरणी झाली की रोपं लावणीला येईपर्यंत तीन-साडेतीन आठवडे मिळतात. तेवढे पुरतात. तुमचा हंगाम वेगळा असेल, मासेमारीबंदीचे जून-जुलै असतील किंवा गणपतीनंतरचे दिवस असतील, तरी क्रम हाच ठेवा.

आधी हे बघा

हंगाम संपल्यावर, पेरणीच्या आधीचे पहिले सात-आठ दिवस पुस्तक उघडूच नका. पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत पेट्या मोजलेल्या माणसाला आधी झोप हवी असते, आणि झोपेची उणीव असताना उघडलेलं पुस्तक उशीच होतं. दुपारी जेवल्यावर आपोआप डोळा लागायचा थांबला, की सुरुवात करायची वेळ झाली असं समजा.

दुसरी गोष्ट चष्म्याची. चाळिशीच्या आसपासच्या कितीतरी वाचकांना वाटतं की मन लागत नाही, आणि खरी अडचण डोळ्यांची असते. मोबाइलवरची अक्षरं मोठी करता येतात, त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. छापील पुस्तक नेहमीच्या अंतरावर धरा, मग हात लांब करून धरा. लांब धरल्यावर अक्षर स्वच्छ दिसत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. चष्मा नसताना कितीही सोपं पुस्तक निवडलं तरी तिसऱ्या पानावर कपाळ दुखू लागतं आणि दोष पुस्तकाला लागतो.

आणखी एक सांगायला हवं. भूक, झोप, माणसांत बसणं, सगळ्यातलीच गोडी गेली असेल आणि दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही ती परत येत नसेल, तर तो पुस्तकाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

सोपं म्हणजे काय

इथे बहुतेकजण फसतात. सोपं म्हणजे बारीक, किंवा सोपं म्हणजे विनोदी, असं धरून पुस्तक निवडलं जातं. माझ्या अनुभवात थकलेल्या माणसाला अडवतं ते लक्षात ठेवायचं ओझं. जाडी किंवा दुःख त्या मानाने फार अडवत नाही.

हंगामात आपण दिवसभर काय करत असतो ते आठवा. कुठल्या कलमाला कुठलं औषध कधी मारलं, कोणत्या बागेतून किती पेट्या निघाल्या, कोणत्या गड्याला किती उचल दिली, कोणत्या दलालाकडची पट्टी यायची आहे, हे सगळं डोक्यात उघडं ठेवून आपण वावरतो. मोठी कादंबरी आपल्याकडून हेच काम मागते. हा कोणाचा मुलगा, ती कोणाची सून, मागच्या प्रकरणात भांडण कशावरून झालं. 'तुंबाडचे खोत' दोन जाडजूड खंडांत एका घराण्याच्या चार पिढ्या उभ्या करते. ते तिचं थोरपण आहे. पण नुकत्याच हिशेबातून सुटलेल्या डोक्याला ती दुसरी खातेवही वाटते. भावोजी वाचत नव्हते, ते नावं जुळवत होते.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: हे पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं, तर मागचं काही न आठवता पुढे वाचता येईल का?

या प्रश्नाने चित्र बदलतं. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' पृष्ठसंख्येने लहान आहे आणि आपल्या कोकणातली आहे, म्हणून जूनमध्ये हमखास मागितली जाते. मी ती तेव्हा देत नाही. तिच्यात नावं कमी आहेत, पण वाक्यावाक्यातून जे सुचवलेलं असतं ते धरून ठेवावं लागतं, आणि गावाने एका मुलीशी जे केलं ते मनातून लवकर उतरत नाही. उलट 'श्यामची आई' रडवणारी असूनही थकलेल्या माणसाला सहज वाचता येते, कारण ती एकेका रात्रीच्या गोष्टींत वाटलेली आहे. एक रात्र वाचली की हात रिकामा होतो. बेचाळीस रात्रींतली कुठलीही उघडा, श्याम आणि त्याची आई एवढीच ओळख पुरते.

कपाटापाशी करायची पारख

पाच मिनिटांचं काम आहे. वाचनालयात उभ्याउभ्याच करा. पुस्तक घरी नेऊन पारख करायची ठरवली तर ती राहून जाते.

अनुक्रमणिका उघडा. प्रकरणं किंवा कथा साधारण आठ ते पंधरा पानांच्या असाव्यात. अनुक्रमणिकाच नसेल आणि मजकूर सलग धावत असेल, तर ते पुस्तक नंतरसाठी ठेवा.

मग पहिली दोन पानं वाचा आणि माणसांची नावं बोटांवर मोजा. एका हाताची बोटं संपली तर पुस्तक परत ठेवा. ही कसोटी ओबडधोबड आहे, पण मी ती इतक्यांदा वापरली आहे की तिच्यावर माझा भरवसा बसला आहे.

तिसरी पारख मधल्या पानाची. पुस्तक अंदाजाने मध्यावर उघडा आणि अर्धं पान हलक्या आवाजात वाचा. वाक्य एका श्वासात संपतं का ते बघा. प्रस्तावना आणि पहिलं पान लेखकाने फार काळजीने केलेलं असतं, खरी चाल मध्यावर कळते. तिथे संवाद असतील, परिच्छेद चार-सहा ओळींचे असतील, तर उत्तम.

शेवटी छपाई. जुन्या आवृत्त्यांचा कागद पिवळा पडलेला असतो आणि टाइप बारीक असतो. पावसात वीज जाते, मग बॅटरीच्या उजेडात तो टाइप वाचणं शिक्षाच होते. त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती वाचनालयात असेल तर ती मागून घ्या. संकोच करू नका.

अनेक लहान वाचनालयांत कपाटं कुलूपबंद असतात आणि पुस्तक टेबलावरून मागावं लागतं. तिथे "काहीतरी हलकंफुलकं द्या" म्हणू नका, समोरचा माणूस हाताला येईल ते देतो. "व्यक्तिचित्रं द्या" किंवा "एकाच मुलाच्या सुट्या सुट्या कथा असलेलं द्या" असं प्रकाराने मागा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे आणि सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचं. अशा जुन्या ठिकाणी संग्रह मोठा असतो, त्यामुळे नेमकं मागितलं तर नेमकं मिळतं.

पहिला आठवडा: माणसं भेटा

सुरुवात व्यक्तिचित्रांनी करा. मराठीत हा प्रकार फार समृद्ध आहे आणि थकलेल्या वाचकासाठी याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. एक माणूस येतो, दहा-पंधरा पानांत पुरा भेटतो आणि जातो. पुढच्या चित्रासाठी त्याला लक्षात ठेवावं लागत नाही, तरी तो लक्षात राहतोच.

भावोजींना मी पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' दिलं आणि सांगितलं, पहिल्यापासून वाचू नका, 'अंतू बर्वा' उघडा. त्यांनी ते शाळेत असताना वाचलं होतं. म्हणूनच दिलं. वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचणं हा रुळावर यायचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण पुढे काय होणार ही चिंता उरत नाही. शिवाय अंतूशेट आपल्यापैकी बहुतेकांनी पुलंच्या आवाजात ऐकलेले असतात. डोळे ओळींवरून जातात आणि कानात तो आवाज आपोआप सुरू होतो, त्यामुळे मन भरकटलं तरी कान ओढून आणतो. अंतूशेटची रत्नागिरीतली मधली आळीही ओळखीची आहे. ते चित्र हसवत हसवत शेवटी गळा दाटून आणतं, तरी वाचायला जड जात नाही.

या आठवड्यात दिवसाला एकच चित्र. दुसरं वाचावंसं वाटलं तरी पुस्तक मिटा. भावोजींनी तिसऱ्या दिवशी तीन वाचली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुस्तकाला हात लावला नाही. त्यांची चूक म्हणून सांगत नाही, जुनी भूक परत आली की सगळ्यांचं असंच होतं. पण एका बैठकीत पोट भरलं की दुसऱ्या दिवशीची ओढ राहत नाही, आणि आत्ता ओढच तर हवी आहे.

पुलं फार वाचून झाले असतील तर व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' घ्या. चित्रं आखूड आहेत, वाक्यं त्याहून आखूड. बाहेर धो धो पाऊस पडत असताना त्या कोरड्या मुलखातली माणसं वाचायला मला विशेष आवडतं.

दुसरा आठवडा: एकाच धाग्याच्या गोष्टी

आता थोडं ओझं वाढवायचं. माणसं तीच राहतील, पण प्रत्येक गोष्ट आपल्यापुरती पुरी होईल, असं पुस्तक शोधा. यासाठी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मी डोळे मिटून सुचवते. लंपन नावाचा मुलगा आजी-आजोबांकडे राहतो, एवढं कळलं की कुठलीही कथा उघडता येते. त्याची भाषा बेळगावकडच्या वळणाची आहे, पहिली चार पानं कानाला वेगळी लागतात, पाचव्या पानापासून तिच्याशिवाय करमत नाही. आणि पुस्तक संपलं तर 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी पुढची पुस्तकं तयार आहेत. रुळावर येणाऱ्या वाचकाला पुढचं पुस्तक कोणतं हे शोधावं न लागणं, हा फार मोठा फायदा आहे.

दुसरा पर्याय जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, आणि या पुस्तकात कोकणातल्या गावातली माणसं एकामागून एक येतात. सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे घरचं जेवण आहे. मालवणी कानावर नसलेल्याने मात्र तसे संवाद आले की ते मोठ्याने वाचावेत. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला बऱ्याचदा कळतो.

कुणाला व्यक्तिचित्रांत रस नसतो, त्यांना पुढे काय झालं ते हवं असतं. त्यांच्यासाठी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा आहेत, अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या. त्या मुळात मुलांच्या मासिकासाठी लिहिलेल्या असल्याने वाक्य सरळ आणि माणसं मोजकी आहेत. मोठ्या माणसाने मुलांचं पुस्तक न्यायला लाजू नये. आमच्याकडे जूनमध्ये फास्टर फेणे नेणाऱ्यांत पन्नाशीचे लोकही असतात. गूढकथा मात्र मी रात्री वाचायला देत नाही. झोप नुकतीच जाग्यावर आलेली असते, ती पुन्हा उडायला नको.

तिसरा आठवडा: एक लहान कादंबरी

आता सलग गोष्ट घ्या, पण एका माणसाच्या तोंडून सांगितलेली. भावोजींसाठी मी माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढून ठेवली होती. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि तोच आपल्याला सगळं सांगतो. कादंबरी सव्वाशे-दीडशे पानांची आहे. माणसं बरीच आहेत, पण मास्तर ज्याला भेटतो त्यालाच आपण भेटतो, आणि तो नवखा असल्याने प्रत्येकाची ओळख नीट करून देतो. शेवटाकडे दुष्काळ येतो आणि वाडी उठते. दुःख आहे, गुंता नाही. तिसऱ्या आठवड्यात हेच हवं.

रोज वीस-बावीस पानं धरली तर आठवड्यात पुस्तक होतं. भावोजींनी पाच दिवसांत संपवली, आणि सहाव्या दिवशी टेबलापाशी येऊन मास्तरांविषयी अर्धा तास बोलत उभे राहिले. "पुढे काय देता?" असं त्यांनी या हंगामानंतर पहिल्यांदा आपणहून विचारलं.

बिघडलं तर कसं ओळखायचं

तीन खुणा आहेत. एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचला जातो. हा माणूस कोण म्हणून मागची पानं उलटावी लागतात. किंवा अजून किती पानं उरली ते सारखं बघितलं जातं. पहिली खूण दिसली तर पुस्तक मिटून उद्या त्याच जागेपासून वाचा, बहुधा ती नुसती दमणूक असते. दुसरी दिसली तर पुस्तक बदला आणि एक पायरी मागे या, कादंबरीवरून कथांवर, कथांवरून व्यक्तिचित्रांवर. तिसरी खूण पुस्तक आवडत नसल्याची आहे, तिथे थकव्याचा संबंध नाही. ते खुशाल परत करा. वाचनालय दोन पुस्तकं देत असेल तर एक नवं आणि एक आधी वाचलेलं न्या, म्हणजे नवं फसलं तरी संध्याकाळ फुकट जात नाही.

मोबाइलचं एवढंच सांगते. हंगामभर भावासाठी, गाडीसाठी, पट्टीसाठी आपण दर पाच मिनिटांनी तो बघितलेला असतो, आणि काम संपलं तरी हात तिकडे जातो. पुस्तक पडवीत आणि मोबाइल माजघरात ठेवला की वीस मिनिटं मिळतात. तेवढीच लागतात.

आणि ओल. जूनमध्ये आपल्या भिंती पाझरतात. पुस्तक भिंतीला टेकवून किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवलं की आठ-पंधरा दिवसांत कडांना पांढरी बुरशी धरते आणि पानं चिकटतात. लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, उभं ठेवा. भिजलं तर चुलीजवळ किंवा उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. पंख्याखाली उघडून ठेवा, मधे मधे पानं सुटी करा, आणि वाचनालयाचं असेल तर लपवू नका, लगेच सांगा.

मोठ्या कादंबरीकडे परत

लावणीत वाचन बंद पडतं, पडू द्या. चिखलातून आल्यावर वाचायची सक्ती करू नका. रात्री एखादं ओळखीचं व्यक्तिचित्र चाळलं तरी पुरे.

श्रावण लागला तेव्हा भावोजींनी 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड पुन्हा नेला. या खेपेला मी त्यांना एक काम सांगितलं. एका कोऱ्या कागदावर घराण्याची वंशावळ लिहीत जायची, नवं माणूस आलं की त्याचं नाव योग्य फांदीवर घालायचं आणि तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवायचा. नावं कागदावर उतरली की डोकं गोष्टीसाठी मोकळं राहतं. त्यांनी कोरा कागद शोधला नाही, मेमधली एक जुनी पट्टी उलटी करून घेतली. पुढच्या बाजूला डझनांचे भाव, पाठीवर खोतांचं घराणं. पंधराव्या नावापर्यंत ते कागद सारखा बघत होते, मग हळूहळू बघेनासे झाले. पहिला खंड गणपतीच्या आधी परत आला, आणि ती पट्टी दुसऱ्या खंडात घालून ते घरी गेले.